रंगाची साक्ष

पाण्यात निळीची पूड मिसळली की पाणी निळे होते आणि अधिक मिसळली की अधिक गडद होते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. रंगाच्या गडदपणावरून आत किती द्रव्य आहे याचा अंदाज रंगारी व वैद्य शतकानुशतके बांधीत आले. परंतु अंदाज आणि मोजमाप यांत मोठे अंतर आहे. 'अधिक गडद' म्हणजे किती अधिक, याचे उत्तर डोळ्याला देता येत नाही. हे अंतर ओलांडण्यास विज्ञानाला दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. आज रुग्णालयातील प्रयोगशाळेत रक्ताचा थेंब तपासताना जी सरळ रेषा वापरली जाते, ती त्या प्रयत्नांचे फळ आहे. त्या रेषेच्या इतिहासात एका भारतीय संशोधकाचे नाव गोवले गेले आहे, आणि ते ज्या प्रसंगामुळे गोवले गेले तो प्रसंग रंगाने वेळेवर साक्ष न दिल्याचा आहे.

या इतिहासाचा आरंभ रंगात नसून प्रकाशात आहे. पिएर बूगेर या फ्रेंच विद्वानाने १७२९ साली प्रकाशाच्या मंद होत जाण्याविषयी एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रकाश पारदर्शक पदार्थातून जातो तेव्हा तो कोणत्या नियमाने क्षीण होतो, हा त्याचा प्रश्न होता. वरवर पाहता असे वाटते की, काचेचा एक थर प्रकाशाचे दहा भाग खात असेल तर दोन थर वीस भाग खातील आणि दहा थरांनंतर अंधार होईल. बूगेरने दाखविले की निसर्ग असा हिशेब करीत नाही. प्रत्येक थर आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाचा ठरावीक भाग नव्हे, तर ठरावीक हिस्सा घेतो. पहिल्या थराने शंभरातले पन्नास ठेवले, तर दुसरा थर त्या पन्नासांतले पंचवीस ठेवील आणि तिसरा साडेबारा. प्रकाश उणा होत जातो, पण तो वजाबाकीने नव्हे, भागाकाराने.

१७६० साली योहान लाम्बर्ट या गणितज्ञाने हाच नियम काटेकोर गणिती भाषेत मांडला. भागाकाराने घटणारी संख्या लॉगॅरिदमच्या भाषेत नेली की तीच घट सारख्या पावलांनी होऊ लागते. शंभरातले पन्नास पार गेले तर हे पाऊल ०.३०१ इतके, पंचवीस पार गेले तर ०.६०२ आणि साडेबारा पार गेले तर ०.९०३. थर एक, दोन, तीन असे वाढले की आकडाही एकपट, दुप्पट, तिप्पट होतो. ह्याच आकड्याला आज शोषणांक म्हणतात. शंभरातला दहावा हिस्सा पार झाला तर शोषणांक १ आणि शंभरावा हिस्सा पार झाला तर २. पुढे जी सरळ रेषा काढावयाची होती, तिचे बीज या साध्या रूपांतरात होते. पार झालेल्या प्रकाशाचा आकडा घेतला तर आलेख वाकडा येतो, शोषणांक घेतला तर तो सरळ येतो.

बूगेर आणि लाम्बर्ट यांचा विचार थराच्या जाडीपुरता होता. द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचा विचार जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्ट बेअर याने १८५२ साली केला. रंगीत क्षारांच्या द्रावणांतून लाल प्रकाश पाठवून त्याने पाहिले की, द्रावण निम्म्याने पातळ केले आणि त्याची लांबी दुप्पट केली तर प्रकाशाची घट तीच राहते. याचा अर्थ, प्रकाशाला वाटेत रंगद्रव्याचे किती कण भेटतात एवढ्यालाच महत्त्व आहे. ते थोड्या लांबीत दाटीने भेटोत की अधिक लांबीत विरळ भेटोत, हिशेब एकच. तेव्हा लांबी कायम ठेवली तर शोषणांक थेट संहतीच्या प्रमाणात वाढला पाहिजे. बूगेर, लाम्बर्ट व बेअर यांच्या नावांनी ओळखला जाणारा नियम तो हाच.

नियम हाती आला, पण प्रकाश मोजणारे साधन हाती नव्हते. मोजमाप अद्याप मानवी डोळ्यावर अवलंबून होते. सुदैवाने डोळ्याच्या दोन गुणांपैकी एक फार चांगला आहे. एखादा रंग किती गडद आहे हे त्याला सांगता येत नाही, पण शेजारी शेजारी ठेवलेले दोन रंग सारखे आहेत की नाहीत हे तो चांगले ओळखतो. पॅरिसमधील कुशल उपकरणकार ज्यूल द्यूबोस्क याने याच गुणाचा उपयोग करून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपले रंगमापक घडविले. त्यात दोन पेले असत. एकात माहीत असलेल्या संहतीचे प्रमाण द्रावण, दुसऱ्यात अज्ञात द्रावण. वरून काचेचे दोन दंड या पेल्यांत बुडविलेले असत, आणि पेले वरखाली करून प्रकाशाच्या वाटेतील द्रावणाची उंची कमीअधिक करता येई. निरीक्षक नळीतून पाही तेव्हा त्याला एकच वर्तुळ दोन अर्धांत विभागलेले दिसे. दोन्ही अर्ध एकसारखे दिसू लागले की उंची वाचून घ्यावयाची. प्रमाण द्रावणाची उंची २० मिलिमीटर आणि अज्ञाताची २५ आली, तर अज्ञाताची संहती प्रमाणाच्या चार पंचमांश ठरते. जीवरसायनशास्त्राची पहिली पिढी या दोन पेल्यांवर काम करीत वाढली.

याच उपकरणासमोर १९२० नंतरच्या काळात अमेरिकेतील बॉस्टन येथे हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात दोघे जण काम करीत होते. एक सायरस फिस्के, आणि दुसरे आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले व १९२३ साली अमेरिकेस गेलेले डॉक्टर यल्लाप्रगडा सुब्बाराव. रक्तातील व ऊतकांतील फॉस्फरस मोजण्याची खात्रीची पद्धत त्यांना हवी होती. फॉस्फेटला स्वतःचा रंग नाही. मग न दिसणाऱ्या वस्तूची साक्ष कशी घ्यावी? त्यासाठी तिला रंग देणारी रासायनिक क्रिया शोधावी लागते. आम्लयुक्त द्रावणात मॉलिब्डेट घातले की फॉस्फेट त्याच्याशी संयोग पावते. त्या संयुगाचे योग्य द्रव्याने क्षपण केले की गर्द निळा रंग उमटतो, आणि उरलेले मोकळे मॉलिब्डेट, आम्ल पुरेसे असेल तर, तसेच राहते. बेल व डॉइझी यांनी १९२० साली यासाठी हायड्रोक्विनोन वापरले होते, परंतु तो रंग टिकाऊ नव्हता. फिस्के व सुब्बाराव यांनी अमिनो-नॅफ्थॉल-सल्फॉनिक आम्ल हे क्षपक निवडले. त्यामुळे रंग काही मिनिटांत येऊ लागला, आणि परीक्षणासाठी पुरेसा वेळ टिकू लागला. हा शोधनिबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढील कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत 'फिस्के–सुब्बाराव पद्धत' हे नाव रूढ राहिले.

या पद्धतीचा पुढचा प्रवास समजण्यासाठी ती आजच्या उपकरणावर कशी चालते ते पाहणे उपयोगी ठरेल. १९४१ साली अमेरिकेत आर्नोल्ड बेकमन यांच्या कंपनीने डी. यू. नावाचे वर्णपट-प्रकाशमापक बाजारात आणले. क्वार्ट्‌झच्या लोलकाने प्रकाश फाकवून हवी ती तरंगलांबी निवडावयाची, तो किरण द्रावणातून पाठवावयाचा, आणि पार आलेला प्रकाश डोळ्याऐवजी प्रकाशविद्युत नळीने मोजावयाचा, अशी त्याची रचना होती. अशा उपकरणांमुळे दोन पेले शेजारी ठेवण्याची गरज संपली. प्रमाण द्रावणांची साक्ष एकदा नोंदवून ठेवावी, आणि अज्ञाताचा आकडा त्या नोंदीशी पडताळावा, इतके पुरेसे झाले. ती नोंद म्हणजेच अंशशोधन रेषा.

समजा, एका रुग्णाच्या रक्तद्रवातील अकार्बनी फॉस्फरस मोजावयाचा आहे. प्रथम एक मिलिलिटर रक्तद्रवात नऊ मिलिलिटर ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल मिसळतात. त्याने प्रथिने साखळून खाली बसतात आणि गाळल्यावर स्वच्छ द्रव मिळतो. या गाळलेल्या द्रवाचे पाच मिलिलिटर घेतले की त्यात अर्धा मिलिलिटर रक्तद्रवाचा फॉस्फरस आला. दुसरीकडे पाच नळ्यांत फॉस्फरसची माहीत असलेली प्रमाणे घेतात. ती अनुक्रमे ०.०१, ०.०२, ०.०३, ०.०४ आणि ०.०५ मिलिग्रॅम. आणखी एका नळीत फॉस्फरस मुळीच घालीत नाहीत, बाकी सारे घालतात. हिला कोरी नळी म्हणतात. सर्व नळ्यांत आम्लाचे प्रमाण सारखे राहील हे पाहून मॉलिब्डेट व क्षपक सारख्याच प्रमाणात घालतात, पाण्याने प्रत्येकीचे आकारमान दहा मिलिलिटर करतात, आणि सर्वांना सारखाच वेळ देतात.

मग उपकरण ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशावर लावतात. निळ्या द्रावणासाठी लाल प्रकाश का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. द्रावण निळे दिसते, कारण ते लाल प्रकाश गिळते आणि निळा सोडून देते. तेव्हा त्याचे मोजमाप त्याने जे गिळले त्यावरून करावयाचे, सोडले त्यावरून नव्हे. कोऱ्या नळीचे द्रावण उपकरणात ठेवून शून्य लावतात. त्यामुळे काचेचा, पाण्याचा आणि रसायनांतील मलाचा वाटा वजा होतो. यानंतर पाच प्रमाण द्रावणांचे शोषणांक, समजा, ०.१२०, ०.२४१, ०.३५९, ०.४८० आणि ०.६०१ असे आले. आडव्या अक्षावर मिलिग्रॅम, उभ्या अक्षावर शोषणांक घेऊन बिंदू मांडले की ते शून्यातून निघणाऱ्या जवळजवळ सरळ रेषेवर बसतात. दर ०.०१ मिलिग्रॅमला शोषणांक ०.१२ ने वाढतो, हा त्या रेषेचा चढ. रुग्णाच्या द्रवाचा शोषणांक ०.२१६ आला तर त्यास चढाने भागून ०.०१८ मिलिग्रॅम मिळतात. हे अर्ध्या मिलिलिटरातले आहेत. म्हणून शंभर मिलिलिटर रक्तद्रवात ३.६ मिलिग्रॅम. प्रौढ माणसात हा आकडा साधारण अडीच ते साडेचार असतो, तेव्हा येथे चिंतेचे कारण नाही.

या कृतीत पाच बिंदू का घ्यावयाचे, दोन का नाहीत? दोन बिंदूंतून कोणतीही रेषा सरळच जाते, त्यामुळे ती खोटे बोलत आहे की खरे ते कळत नाही. पाच बिंदू घेतले की एखादा बिंदू बाजूला पडला तर तो लगेच दिसतो, आणि रेषा वाकू लागली तर तेही दिसते. ती वाकतेच. द्रावण फार गडद झाले की पार येणारा प्रकाश अत्यल्प उरतो, आणि उपकरणात इकडेतिकडे उसळलेला भटका प्रकाश मापनयंत्राला फसवितो. खरा शोषणांक २ असेल, म्हणजे शंभरातला एकच भाग पार येत असेल, आणि भटक्या प्रकाशाचाही एक भाग त्यात मिसळत असेल, तर यंत्र सुमारे १.७ दाखवील. हाच भटका प्रकाश शोषणांक ०.३ असताना जवळजवळ जाणवतही नाही. शिवाय अतिगडद द्रावणात मॉलिब्डेट अपुरे पडले तर रंगच पुरा येत नाही. म्हणून सावध विश्लेषक रेषेच्या शेवटच्या बिंदूपलीकडे कधी वाचीत नाही. शोषणांक ०.२ ते ०.८ च्या आसपास राहील अशा बेताने तो द्रावण पातळ करतो. पातळ करण्यातच एक परीक्षाही दडलेली असते. गाळलेल्या द्रवाचे निम्मेच माप घेऊन पुन्हा रंग आणला तर शोषणांक निम्मा यावयास हवा. तो तसा आला नाही, तर कुठेतरी पाणी मुरते आहे असे समजावे.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. यंत्र रंग मोजते, पदार्थ नव्हे. कपडे-भांडी धुण्याच्या चूर्णातील फॉस्फेट काचेला चिकटून राहिले तर नळी निळी होते. म्हणून या कामाची काच आम्लाने धुतात. सिलिकाही मॉलिब्डेटशी संयोग पावून निळा रंग देऊ शकते, म्हणून आम्लाचे प्रमाण नेमके ठेवावे लागते. अशा वेळी सरळ रेषा कितीही देखणी आली तरी ती मदतीस येत नाही, कारण रेषा शुद्ध द्रावणांवर काढलेली असते आणि अज्ञात नमुना शुद्ध नसतो. याची पारख करण्याचा मार्ग असा की, नमुन्यातच ०.०१ मिलिग्रॅम फॉस्फरस मुद्दाम घालून पुन्हा मोजावे. शोषणांक ०.१२ ने वाढला तर नमुन्यातील इतर द्रव्ये रंगाच्या आड येत नाहीत. कमी वाढला तर येत आहेत. पण फॉस्फरस नसलेले एखादे द्रव्य स्वतःच निळा रंग देत असेल तर ही परीक्षाही त्यास पकडू शकत नाही. त्याच्यासाठी इतर मार्ग शोधावे लागतात.

आणि येथेच फिस्के व सुब्बाराव यांची कथा परतते. आपली पद्धत रक्तासाठी व्यवस्थित चालू झाल्यावर त्यांनी ती स्नायूंना लावली. त्या काळी स्नायूंत भरपूर अकार्बनी फॉस्फेट असते असे मानले जात असे, आणि जुन्या पद्धतींचे आकडे तसेच सांगत. परंतु द्यूबोस्कच्या पेल्यांपुढे बसल्यावर त्यांना काही वेगळे दिसले. प्रमाण द्रावणाचा रंग ठरल्या वेळात पुरा होई, आणि स्नायूच्या द्रवाचा रंग मात्र मागे राही. तो आपला हळूहळू, बराच वेळ, गडद होत जाई. दुसऱ्या कोणी नियमानुसार एक आकडा लिहून काम संपविले असते, किंवा रंग पुरा होईपर्यंत थांबून शेवटचा आकडा घेतला असता. त्या दोघांनी हा विलंबच प्रश्न मानला.

एक कल्पित उदाहरण घेऊन वरच्याच रेषेवर हे पाहता येईल. स्नायूच्या द्रवाचा शोषणांक पाच मिनिटांनी ०.१६, दहा मिनिटांनी ०.२१ आणि पंधरा मिनिटांनी ०.२५ आला, आणि बऱ्याच वेळाने ०.४८ वर स्थिरावला असे धरा. प्रत्येक पाच मिनिटांतील वाढ अनुक्रमे कमी होत आहे. हे वळण मागे शून्य वेळेकडे नेले तर तेथे सुमारे ०.१० मिळतो. म्हणजे आरंभी मोकळे असलेले फॉस्फेट सुमारे ०.००८ मिलिग्रॅम, आणि अंती ०.०४ मिलिग्रॅम. मधला जवळजवळ चार पंचमांश फॉस्फरस आरंभी मोकळा नव्हता. कोणत्या तरी दुसऱ्या पदार्थाशी बांधलेला होता आणि आम्ल व मॉलिब्डेट यांच्या संपर्काने तो हळूहळू सुटत होता. रंग वाढत होता, कारण साक्षीदार एकेक करून येत होते.

तो पदार्थ कोणता, याचा शोध घेताना त्यांना फॉस्फरसबरोबर क्रिएटिन सापडले, आणि तेही जवळजवळ समप्रमाणात. म्हणजे एका फॉस्फेटमागे एक क्रिएटिन. १९२७ साली त्यांनी फॉस्फोक्रिएटिनचा हा शोध जाहीर केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फिलिप व ग्रेस एगल्टन या दांपत्यानेही स्वतंत्रपणे याच अस्थिर पदार्थाकडे लक्ष वेधले होते आणि त्यास 'फॉस्फाजेन' म्हटले होते. स्नायू काम करू लागला की हे द्रव्य घटते आणि विश्रांतीत ते पुन्हा भरून येते. स्नायूच्या आकुंचनाला लॅक्टिक आम्ल हेच कारण आहे अशी त्या काळची ठाम समजूत होती. १९३० साली आइनार लुन्स्गार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने लॅक्टिक आम्ल तयार होऊ न देताही स्नायू आकुंचन पावतो आणि त्या वेळी फॉस्फोक्रिएटिन खर्च होते हे दाखविले, तेव्हा ती समजूत ढासळली. दरम्यान १९२९ साली जर्मनीतील कार्ल लोमान आणि हार्वर्डमधील फिस्के व सुब्बाराव यांनी स्नायूतून एटीपी हा ऊर्जावाहक पदार्थ स्वतंत्रपणे वेगळा केला. सुब्बाराव यांचे निधन १९४८ साली झाले. तोपर्यंत फॉस्फरसमापनाची त्यांची पद्धत दोन पेल्यांवरून प्रकाशविद्युत यंत्रांवर गेली होती.

रंगमापनाच्या या इतिहासात बूगेरची काच, बेअरच्या नळ्या आणि बेकमनचा लोलक यांनी डोळ्याच्या अंदाजाला संख्येचे रूप दिले. पण संख्या आली म्हणून प्रश्न संपत नाही. अंशशोधन रेषा सांगते ते एवढेच की, प्रमाण द्रावणांत ज्या परिस्थितीत रंग आला, त्याच परिस्थितीत अज्ञातातही आला असेल, तर त्याचे प्रमाण इतके आहे. त्या 'असेल तर' मध्ये वेळ येतो, आम्लाचे प्रमाण येते, काचेची स्वच्छता येते, आणि नमुन्यात काय काय असू शकते याचे ज्ञानही येते. हार्वर्डच्या त्या दोन पेल्यांपुढे प्रमाण द्रावण आणि स्नायूचा द्रव यांच्यातील परिस्थिती एक नव्हती, हे ज्यांनी ओळखले त्यांना एका नळीतला उशिरा आलेला निळा रंग स्नायूच्या ऊर्जेचा कोठार दाखवून गेला.